एका प्रश्नाची दोन उत्तरे : लिकर्टची पाच घरे आणि स्टीव्हन्सच्या चार श्रेण्या

व्यवसाय संशोधन पद्धती या विषयाच्या प्रश्नमंजूषेत एक प्रश्न हमखास भेटतो. लिकर्ट श्रेणी ही कोणत्या प्रकारची मापनश्रेणी आहे? पर्याय चार : नॉमिनल, ऑर्डिनल, इंटरव्हल, रेशो. एका पुस्तकाची उत्तरसूची ऑर्डिनल म्हणते, दुसऱ्याची इंटरव्हल. विद्यार्थ्याने जे पुस्तक वाचले असेल त्यावर त्याचा गुण ठरतो, आणि दोन्ही पुस्तके आपल्या उत्तराबद्दल सारखीच निःशंक असतात.

हा छपाईचा घोटाळा नव्हे. ज्या प्रश्नावलीबद्दल विचारले जाते ती १९३२ सालची आहे आणि ज्या चार नावांतून निवड करायची ती १९४६ सालची. चौदा वर्षांच्या अंतराने, वेगवेगळ्या भांडणांतून जन्मलेल्या या दोन गोष्टी पुढे एकाच प्रश्नात शेजारी बसवल्या गेल्या. त्या एकमेकींत नीट का बसत नाहीत, हे पाहायचे तर आधी शिकागोला जावे लागते.

१९२८ साली लुई थर्स्टन या शिकागो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. माणसाची अभिवृत्ती, म्हणजे एखाद्या गोष्टीबद्दलचा त्याचा अनुकूल वा प्रतिकूल कल, मोजता येतो, असा दावा त्याच्या शीर्षकातच होता. थर्स्टनचे मूळ शिक्षण विद्युत अभियांत्रिकीचे. काही काळ तो एडिसनच्या प्रयोगशाळेतही होता. त्यामुळे मोजायचे म्हटले की पट्टीवरच्या खुणा समान अंतरावर हव्यात, हा त्याचा हट्ट समजण्याजोगा आहे.

त्या खुणा पाडण्यासाठी त्याने केलेला खटाटोप मात्र प्रचंड होता. अर्नेस्ट चेव्ह या सहकाऱ्यासह त्याने चर्चसंस्थेविषयीची १३० विधाने गोळा केली. काही भक्तिभावाची, काही तिरस्काराची, बरीच मधली. प्रत्येक विधान वेगळ्या चिठ्ठीवर लिहून त्या चिठ्ठ्या ३०० परीक्षकांना दिल्या. त्यांनी स्वतःचे मत द्यायचे नव्हते. विधान किती अनुकूल वा प्रतिकूल आहे एवढेच पाहून चिठ्ठ्यांचे अकरा ढीग लावायचे होते, आणि शेजारच्या दोन ढिगांतले अंतर सर्वत्र सारखे वाटेल अशी काळजी घ्यायची होती. मग प्रत्येक विधान सरासरीने नव्हे, तर मध्यकाने कोणत्या ढिगाशी येते ते पाहिले गेले. ज्या विधानाबद्दल परीक्षकांतच फाटाफूट होती, कोणी तिसऱ्या तर कोणी नवव्या ढिगात ठेवले होते, ते संदिग्ध म्हणून बाद झाले. शेवटी ४५ विधाने उरली. उत्तर देणाऱ्याने त्यांतील आपल्याला पटणाऱ्या विधानांवर खूण करायची. त्या विधानांच्या मूल्यांवरून त्याचा गुण निघे.

या पद्धतीत समान अंतर गृहीत धरलेले नव्हते, ते कष्टाने कमावलेले होते. पण एका विषयाची एक पट्टी तयार करायची तर शेकडो परीक्षक बसवायचे आणि हजारो चिठ्ठ्या मोजायच्या, हे कोणाला परवडणार?

न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या रेन्सिस लिकर्टला ते परवडत नव्हते. (आडनावाचा उच्चार लिकर्ट, वर्गावर्गांतून ऐकू येणारा ‘लायकर्ट’ चुकीचा.) आंतरराष्ट्रीय संबंध, साम्राज्यवाद, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे हक्क अशा विषयांवर विद्यार्थ्यांची मते त्याने गोळा केली होती. बऱ्याच विधानांपुढे पाच पर्याय होते : ठाम पसंती, पसंती, अनिश्चित, नापसंती, ठाम नापसंती. परीक्षकांना पूर्ण फाटा दिलेला. प्रश्न एवढाच होता की या पाच घरांना आकडे कोणते द्यायचे.

लिकर्टने प्रथम निवडलेला मार्ग अवघडच होता. समाजातील मते घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वक्राप्रमाणे पसरलेली असतात असे त्याने मानले. मग एखाद्या विधानावर किती टक्के लोक कोणत्या घरात पडले, त्यावरून त्या घराची वक्रावरील जागा काढता येते. त्याच्या प्रबंधातील एका विधानाचे आकडे पाहण्यासारखे आहेत. ठाम पसंती १३ टक्के, पसंती ४३, अनिश्चित २१, नापसंती १३ आणि ठाम नापसंती १० टक्के. यावरून पाच घरांची मूल्ये निघाली ती अशी : −१.६३, −०.४३, +०.४३, +०.९९ आणि +१.७६.

येथे क्षणभर थांबून वजाबाकी करावी. पहिल्या घरातून दुसऱ्यात जायला १.२० इतके अंतर पडते. दुसऱ्यातून तिसऱ्यात ०.८६, तिसऱ्यातून चौथ्यात ०.५६ आणि चौथ्यातून पाचव्यात ०.७७. सर्वांत मोठी पायरी सर्वांत लहान पायरीच्या दुपटीहून मोठी आहे. ‘लिकर्टच्या पाच घरांतली अंतरे सारखी नसतात’ हा आक्षेप पुढे असंख्य लेखांतून घेतला गेला. त्याचा पहिला पुरावा लिकर्टच्याच तक्त्यात आहे.

पण लिकर्ट तेथे थांबला नाही. हा हिशेब प्रत्येक विधानासाठी वेगळा करावा लागे आणि १९३२ साली तो हातानेच करायचा होता. म्हणून त्याने एक सोपा प्रयोग केला. त्याच उत्तरांना त्याने सरळ १, २, ३, ४, ५ असे आकडे दिले, प्रत्येकाच्या सर्व विधानांची बेरीज केली आणि ती अवघड पद्धतीने काढलेल्या गुणांशी ताडून पाहिली. दोहोंतील सहसंबंध ०.९९ आला. अवघड पद्धतीत जो विद्यार्थी वर होता तो सोप्या पद्धतीतही वरच राहिला. खालचा खालीच राहिला.

असे का व्हावे? एखाद्या विधानावर पहिली पायरी मोठी असते, दुसऱ्यावर शेवटची. वीसेक विधानांची बेरीज केली की हे उंचसखलपण बरेचसे एकमेकांत जिरते. पायऱ्या असमान असल्या तरी जिना साधारण सरळ चढतो. लिकर्टचा शोध पाच घरांचा नव्हता. पाच पर्यायांचे प्रश्न आधीही विचारले जात. त्याचा शोध या बेरजेत होता. आणि ‘लिकर्ट श्रेणी’ हे नाव खरे तर त्या बेरजेचे आहे, एकेका विधानाचे नाही. प्रश्नमंजूषेतील अर्धा गोंधळ येथेच सुटतो, परंतु बहुतेक प्रश्नकर्ते हा भेद करतच नाहीत.

बेरजेला अर्थ असावा यासाठी लिकर्टने एक अटही घातली होती, आणि आजच्या प्रकल्प अहवालांत ती सर्रास विसरली जाते. सर्व विधाने एकाच गोष्टीविषयी असली पाहिजेत आणि काही विधाने उलट दिशेची असली पाहिजेत. ‘येथील कर्मचारी मदतीला तत्पर असतात’ याला ठाम सहमतीचे ५, तर ‘येथे ग्राहकाला ताटकळत ठेवतात’ याला ठाम सहमतीचा १. दुसऱ्या विधानाचे आकडे उलटवायचे राहिले, तर समाधानी ग्राहकाला एका ठिकाणी ५ आणि दुसऱ्या ठिकाणी १ मिळून त्याची सरासरी ३ येते. रागावलेल्या ग्राहकाचीही ३ च. सगळे गाव तटस्थ दिसू लागते. चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. प्रत्येक विधानाचे गुण उरलेल्या विधानांच्या बेरजेशी ताडून पाहावेत. एखाद्याचा सहसंबंध ऋण आला तर ते बहुधा उलटवायचे राहिले आहे. शून्याजवळ आला तर ते विधान वेगळेच काहीतरी मोजते आहे. लिकर्टनेही विधाने अशाच तपासणीतून पारखण्याचा आग्रह धरला होता.

ही प्रश्नावली विद्यापीठातून व्यापारात पोचायला वेळ लागला नाही. १९३५ साली लिकर्ट हार्टफर्ड येथे आयुर्विमा कंपन्यांच्या संघटनेत संशोधनप्रमुख म्हणून गेला आणि विमा कार्यालयांतील व्यवस्थापकांचा अभ्यास करू लागला. पुढे तो अमेरिकेच्या कृषी खात्यात गेला आणि १९४६ साली मिशिगन विद्यापीठात त्याने सर्वेक्षण संशोधन केंद्र उभारले. व्यवस्थापनावरील त्याचे गाजलेले पुस्तक १९६१ चे. पाच घरांचा कागद कारखान्याच्या फाटकातून आणि दुकानाच्या गल्ल्यापाशी शिरला तो याच पिढीत.

आता दुसरा धागा. तो अटलांटिकच्या पलीकडे, इंग्लंडमध्ये सुरू होतो, आणि योगायोगाने त्याच १९३२ साली. विज्ञानवृद्धीसाठी स्थापन झालेल्या ब्रिटिश असोसिएशनने १९ जणांची एक समिती नेमली. पदार्थविज्ञानवाले आणि मानसशास्त्रवाले एकत्र बसवले. अध्यक्ष फर्ग्युसन, म्हणून ती फर्ग्युसन समिती. संवेदना मोजता येते का, हे तिने ठरवायचे होते.

समितीतील नॉर्मन कॅम्पबेल या पदार्थवैज्ञानिकाची भूमिका कडक होती. त्याच्या मते खरे मोजमाप तेथेच, जेथे वस्तू प्रत्यक्ष जोडता येतात. एक किलोचे वजन दुसऱ्या एक किलोच्या शेजारी पारड्यात ठेवले की दोन किलो होतात. दोन काठ्या टोकाला टोक लावून ठेवल्या की लांबीची बेरीज होते. पण एका आवाजाची जाणीव दुसऱ्या जाणिवेला टोकाला टोक कशी लावायची? सात-आठ वर्षे खल झाला. १९४० च्या अंतिम अहवालातही दोन्ही पक्ष आपापल्या जागीच उभे होते.

या वादात ज्याची मोजपट्टी उदाहरण म्हणून टांगली गेली, तो हार्वर्डचा स्टॅन्ली स्मिथ स्टीव्हन्स होता. आवाजाच्या तीव्रतेची जाणीव मोजण्यासाठी त्याने ‘सोन’ नावाचे एकक वापरले होते. पदार्थवैज्ञानिकांना त्यात मोजमाप दिसेना. स्टीव्हन्सने मग वादाचे मैदानच बदलले. हे मोजमाप आहे की नाही, असे विचारण्याऐवजी ते कोणत्या जातीचे मोजमाप आहे, असे विचारा, असे त्याचे म्हणणे. ७ जून १९४६ च्या ‘सायन्स’ साप्ताहिकात त्याचा काही पानांचाच लेख आला. त्यातील एका तक्त्यावर आजही प्रश्नमंजूषा चालतात.

त्या तक्त्याची युक्ती पाठांतराने नव्हे, एका प्रश्नाने कळते : आकडे किती बदलले तरी माहिती शाबूत राहते? फुटबॉल खेळाडूच्या पाठीवरचा क्रमांक ७ काढून ७० केला तरी काही बिघडत नाही, फक्त तो दुसऱ्या कोणाचा नसला म्हणजे झाले. ही नॉमिनल, म्हणजे नामश्रेणी. शर्यतीतील पहिला, दुसरा, तिसरा यांना १, २, ३ ऐवजी १, ५, ४० म्हटले तरी क्रम राहतो. ही ऑर्डिनल, क्रमश्रेणी. तापमान सेल्सियसमधून फॅरनहाइटमध्ये नेले की शून्याची जागा आणि अंशाचा आकार बदलतो, पण समान अंतरे समानच राहतात. ही इंटरव्हल, आंतरश्रेणी. म्हणूनच २० अंश सेल्सियस हे १० अंशांच्या दुप्पट उष्ण नसते. तीच तापमाने फॅरनहाइटमध्ये ६८ आणि ५० होतात आणि ‘दुप्पट’ हवेत विरते. वजन किंवा रुपये यांचे शून्य मात्र खरे असते. किलोचे ग्रॅम केले, रुपयांचे पैसे केले, तरी दुप्पट ते दुप्पटच. ही रेशो, गुणोत्तरश्रेणी.

यातून स्टीव्हन्सने पुढचा नियम काढला. आकडे मान्य पद्धतीने बदलल्यावर जो निष्कर्ष बदलतो, तो त्या श्रेणीवर काढू नये. नामश्रेणीला बहुलक, क्रमश्रेणीला मध्यक, सरासरीचा मान आंतरश्रेणीपासून पुढे. हा नियम नुसता सोवळेपणाचा नाही, हे एका हिशेबात दिसते.

समजा, एका कापड दुकानाच्या दोन शाखा आहेत आणि प्रत्येकीत नऊ ग्राहकांना एकच विधान दिले : ‘या दुकानात पुन्हा यावेसे वाटते.’ पहिल्या शाखेत पाच जण पूर्ण सहमत, म्हणजे ५, आणि चार जण असहमत, म्हणजे २. बेरीज ३३, सरासरी ३.६७. दुसऱ्या शाखेत आठ जण सहमत, म्हणजे ४, आणि एक तटस्थ, म्हणजे ३. बेरीज ३५, सरासरी ३.८९. मालक दुसऱ्या शाखेच्या व्यवस्थापकाला बक्षीस देतो.

आता कोणी म्हणाले की ‘सहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंतची उडी इतर उड्यांपेक्षा बरीच मोठी असते, आणि शेवटच्या घराला ५ ऐवजी ७ दिले. क्रम तोच राहिला. पण पहिल्या शाखेची बेरीज ४३ झाली आणि सरासरी ४.७८, दुसरीची ३.८९ च राहिली. एकाही ग्राहकाने मत बदललेले नाही आणि बक्षीस मात्र दुसऱ्याच माणसाच्या हाती गेले. पाचच का, सातच का, याला एका विधानाच्या नऊ उत्तरांत काही आधार नाही.

मध्यक काढला तर आकडे कसेही ताणले तरी निकाल स्थिर राहतो : पहिल्या शाखेचा मधला ग्राहक पूर्ण सहमत, दुसरीचा सहमत. पण मध्यकालाही देव्हाऱ्यात बसवू नये. पहिल्या शाखेतील नऊपैकी चार जण पुन्हा यायला तयार नाहीत, आणि मध्यक त्यांच्याबद्दल चकार शब्द काढत नाही. अशा वेळी कोणत्या घरात किती जण, हा साधा तक्ताच सर्वांत प्रामाणिक ठरतो.

स्टीव्हन्सचे शिष्य आणि पाठ्यपुस्तककार यांनी नियम उचलला. त्याच लेखातील सवलत मात्र गाळली. मानसशास्त्रातील बहुतेक श्रेण्या क्रमश्रेण्याच आहेत आणि काटेकोरपणे पाहता त्यांची सरासरी काढू नये, हे सांगून झाल्यावर स्टीव्हन्सनेच पुढे मान्य केले होते की या ‘बेकायदा’ सरासऱ्यांतून अनेकदा उपयुक्त निष्कर्ष निघतात, तेव्हा व्यवहार म्हणून त्यांना थोडी मुभा असावी. नियम करणाऱ्याने पळवाटही स्वतःच लिहून ठेवावी, असे क्वचित घडते.

१९५३ साली फ्रेडरिक लॉर्ड या संख्याशास्त्रज्ञाने या सोवळ्याची मनसोक्त थट्टा केली. त्याच्या कथेत एक प्राध्यापक आहे. परीक्षेचे गुण क्रमश्रेणीचे म्हणून तो सरासरी चोरून, दार लावून काढतो आणि त्या अपराधाच्या ओझ्याने खचतो. पुढे तो फुटबॉल संघांना पाठीवरचे क्रमांक विकू लागतो. पहिल्या वर्षाच्या संघाची तक्रार येते की आम्हाला मुद्दाम लहान आकडे दिले, दुसऱ्या वर्षाची मुले हसतात. प्राध्यापक गोंधळतो : हे तर नामश्रेणीचे आकडे, यांची सरासरी काढायची कशी? संख्याशास्त्रज्ञ बेधडक सरासरी काढतो आणि यदृच्छेने इतके लहान आकडे येणे किती अशक्यप्राय आहे ते दाखवतो. आपण कोठून आलो हे आकड्यांना ठाऊक नसते, असा त्याचा युक्तिवाद. तो बरोबर आहे, पण अर्धाच. मुलांचा प्रश्न आकड्यांविषयीच होता, खेळाडूंच्या कौशल्याविषयी नव्हता. मालकाचा प्रश्न आकड्यांविषयी नसतो; त्याला ग्राहकाच्या मनातले हवे असते.

म्हणून प्रश्नमंजूषेतील तो प्रश्न वाचताना आधी पाहायचे ते हे की विचारले काय आहे. ‘पाच पर्यायांच्या एका विधानावरील उत्तरे’ असे असेल, तर उत्तर ऑर्डिनल. येथे वाद फारसा नाही. ‘अनेक विधानांच्या गुणांची बेरीज’ असे असेल, तर ती व्यवहारात इंटरव्हल धरली जाते, आणि व्यवसाय संशोधनाची बरीच पुस्तके त्याच अर्थाने लिकर्ट श्रेणीला इंटरव्हल म्हणतात. नुसते ‘लिकर्ट श्रेणी’ एवढेच विचारले असेल, तर प्रश्न अपुरा आहे. तेव्हा नेमलेले पुस्तक काय म्हणते तेच लिहावे लागते. रेशो मात्र कधीच नाही. ४ गुण देणारा ग्राहक २ गुण देणाऱ्याच्या दुप्पट समाधानी आहे, असे वाक्य अहवालात दिसले तर ते कोणत्याही पुस्तकाप्रमाणे चूकच. पाच घरांची सुरुवात १ ऐवजी ० पासून केली, तर तेच दोन ग्राहक ३ आणि १ होतात, आणि दुपटीची तिप्पट होते.